श्रमाची किंमत आणि श्रमाचा माग

पुण्यात कर्वे रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका गल्लीत एक स्वयंपाकघर आहे. त्याला पाटी नाही, बसायला मेज नाही, आणि ज्यांच्यासाठी तेथे अन्न शिजते त्यांच्यापैकी बहुधा कोणीही ते डोळ्यांनी पाहिलेले नाही. सायंकाळी साडेसात वाजले की त्याच्या दारापुढे दहा-बारा दुचाक्या येऊन उभ्या राहतात, आणि त्यांच्यावर बसलेले तरुण आपापल्या हातातल्या भ्रमणध्वनीकडे पाहत थांबतात. कोणाच्या हातातील यंत्र केव्हा वाजेल, हे त्यांना ठाऊक नसते, आणि आतल्या आचाऱ्यालाही ठाऊक नसते. लातूरकडच्या एका मुलाशी मी तेथे एकदा बोलत होतो. ‘एवढी घाई कशासाठी करता रे?’ असे मी विचारले, तेव्हा त्याने पडद्यावरील एका आकड्याकडे बोट दाखवले आणि म्हणाला, ‘काका, घाई आमची नाही, ह्याची आहे. मागं पोरांनी वीस मिनिटांत नेऊन दिलं, म्हणून आता सगळ्यांना वीसच दाखवतंय.’ इतक्यात त्याची ऑर्डर पडली आणि तो निघून गेला.

त्या वाक्यातला ‘म्हणून’ हा शब्द मला पुढे कित्येक दिवस सोडीना. कारण ज्या दोन संज्ञांविषयी हे प्रकरण आहे, त्यांपैकी अधिक अवघड संज्ञेचा गाभा त्या एका शब्दात आलेला होता. क्रयवस्तूकरण आणि परात्मता या त्या दोन संज्ञा होत. भ्रमणध्वनीवरील मंचांच्या अर्थव्यवस्थेविषयी लिहिताना त्या पुष्कळदा एकाच दमात उच्चारल्या जातात, जणू एक दुसरीचा प्रतिशब्दच आहे. माझे म्हणणे असे, की त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. क्रयवस्तूकरण विचारते की काय विकले गेले आणि कोणत्या मापाने. आणि परात्मता विचारते की मनुष्याच्या कृतीतून जे निर्माण झाले ते पुढे कोणाच्या ताब्यात गेले आणि त्याच्याशी कसे वागू लागले. हा भेद जपला नाही, तर पुढे उपाय शोधतानाही एका दुखण्यावर दुसऱ्याचे औषध दिले जाते.

प्रथम विक्रीचा विचार करू. मार्क्सच्या ‘भांडवल’ या ग्रंथाचा पहिला खंड 1867 साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातील एक अत्यंत मूलगामी भेद असा आहे, की कामगार आपले श्रम विकत नाही, तर श्रमशक्ती, म्हणजे ठरावीक काळापुरती काम करण्याची आपली क्षमता, विकतो. गिरणीमालक जेव्हा एका माणसाचा दिवस विकत घेत असे, तेव्हा त्या दिवसातून किती काम काढून घ्यायचे ही चिंता मालकाची असे. माग बंद पडला, सूत आले नाही, तर वाया गेलेला तास मालकाच्या खात्यावर पडे. मुकादम, भोंगा, हजेरीपट आणि दंड ही सर्व यंत्रणा त्या चिंतेतूनच जन्माला आली. कार्ल पोलान्यीने 1944 साली याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पाहिले: श्रम ही विक्रीसाठी निर्माण केलेली वस्तूच नव्हे, ती माणसाच्या जगण्याचीच एक बाजू आहे, आणि म्हणून तिला क्रयवस्तू मानणे ही एक कल्पित गोष्ट आहे, ती कल्पना शेवटपर्यंत ताणली तर माणूसच मोडतो, असे त्याचे प्रतिपादन होते.

आता मंचावर काय विकले जाते ते पाहा. दिवस विकला जात नाही, तासही विकला जात नाही; एक ऑर्डर विकली जाते. आपल्याकडे ज्याला उक्ते काम म्हणतात त्याचाच हा प्रकार दिसतो, आणि वरवर पाहता यात कामगाराचा तोटा नसून स्वातंत्र्यच आहे असे वाटते. परंतु दिवसाचा जमाखर्च मांडून पाहिला म्हणजे चित्र पालटते. पुढील आकडे उदाहरणासाठी कल्पिलेले आहेत, मात्र हिशेबाची रीत खरी आहे. समजा, एक मुलगा सकाळी 11 वाजता लॉग-इन करतो आणि रात्री 10 वाजेपर्यंत त्याने 18 ऑर्डरी पोहोचवलेल्या आहेत. दर ऑर्डरीमागे त्याला सरासरी 38 रुपये मिळतात, म्हणजे एकूण 684. ग्राहकापर्यंतचे अंतर, त्याआधी स्वयंपाकघरापर्यंत जाण्याचे अंतर, ज्याला ही मुले ‘फर्स्ट माईल’ म्हणतात, आणि रिकामे परतण्याचे अंतर मिळून त्याची गाडी 110 किलोमीटर धावली. पेट्रोलला सुमारे 260 रुपये लागले, टायर, तेल आणि दुरुस्ती यांसाठी किलोमीटरमागे एक रुपया धरला तर 110 रुपये गेले, आणि हाती 314 रुपये उरले. अकरा तासांनी भागले तर ताशी साडेअठ्ठावीस.

या अकरा तासांपैकी प्रत्यक्ष ने-आण करण्यात, एका ऑर्डरीस 25 मिनिटे धरली तर, साडेसात तास गेले. उरलेले साडेतीन तास तो त्या गल्लीत दुचाकीवर बसून होता. त्या वेळात तो घरी जाऊ शकत नव्हता, दुसरे काम हाती घेऊ शकत नव्हता, ग्राहकाला अन्न त्वरेने मिळावे म्हणून त्याचे तेथे असणे आवश्यकच होते; आणि तरीही त्या वेळेची विक्री झालेली नव्हती. गिरणीत रिकामा गेलेला तास मालकाचे नुकसान होते. येथे तो कामगाराचे नुकसान आहे. क्रयवस्तूकरण येथे अधिक झाले आहे असे सरसकट म्हणणे म्हणूनच मला अपुरे वाटते. जे घडले आहे ते असे, की श्रमाचे माप इतके बारीक केले गेले की त्यातून थांबण्याचा, वाट पाहण्याचा, परतण्याचा वेळ गळून पडावा, आणि नेमके तेवढेच तुकडे विकत घेतले जावेत ज्यांत ग्राहकाकडून पैसा येतो.

पण हिशेब एवढ्यावर संपत नाही, आणि त्याचा खरा मर्मभाग पुढेच आहे. समजा, 20 ऑर्डरी पूर्ण केल्यास 200 रुपये जादा मिळतील, असे ‘इन्सेंटिव्ह’ त्या दिवशी जाहीर झालेले आहे. रात्रीचे 10 वाजले आहेत, पाठ दुखते आहे, आणि आकडा 18 वर आहे. तो आणखी एक तास थांबतो आणि दोन ऑर्डरी पोहोचवतो. आता त्याची मिळकत 760 अधिक 200, म्हणजे 960 रुपये झाली. गाडी 122 किलोमीटर धावली, पेट्रोल 285 आणि झीज 122 रुपये वजा जाता 553 उरले, आणि बारा तासांनी भागले तर ताशी 46 पडले. अठरावी ऑर्डर पोहोचवण्याची किंमत 38 रुपये होती, आणि शेवटच्या दोन ऑर्डरींची मिळून 276 झाली. काम तेच, अंतर जवळजवळ तेच, अन्नाची पिशवीही तीच. मग किंमत कशाची वाढली? त्याच्या थांबण्याची. जो दिवस विकत घेतलाच नव्हता असे कागदावर म्हटले जाते, तो दिवस बक्षिसाच्या रूपाने विकत घेतला गेला. आणि तोही पुरा केला तरच, अन्यथा नाही. उक्ती मजुरी ही वेळेच्या मजुरीचेच बदललेले रूप आहे, ती दिली की देखरेखीचे बरेचसे काम कामगार स्वतःच स्वतःवर करू लागतो, आणि आपला दिवस लांबवण्यात त्याला स्वतःचाच फायदा दिसू लागतो, हे मार्क्सने त्याच ग्रंथात दाखवलेले आहे. उक्ती मजुरी केव्हा खरोखर उक्ती आहे आणि केव्हा दिवसाची गुप्त खरेदी आहे, हे ओळखण्याची एक साधी कसोटी यातून हाती येते: शेवटच्या तुकड्याची किंमत आधीच्या तुकड्यांहून बरीच जास्त असेल, तर विकत घेतली जाते ती वस्तू नव्हे, हजेरी.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. गिरणीकामगाराजवळ माग नव्हता, पण या मुलाजवळ स्वतःची दुचाकी आहे, स्वतःचा भ्रमणध्वनी आहे. मग तो उत्पादनसाधनांपासून तुटला आहे असे कसे म्हणता येईल? याचे उत्तर शोधायला दूर जायला नको, इचलकरंजीस जावे. तेथे ज्याला खर्चीवाला म्हणतात, त्या यंत्रमागधारकाच्या शेडमध्ये माग त्याचा असतो, वीज त्याच्या नावावर असते, कामगारही त्याचेच असतात. परंतु सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे, आणि त्याला मिळते ती पिकामागे ठरलेली मजुरी. बाजार मंदावला की व्यापारी सूत देणे थांबवतो. मग माग उभे राहतात, आणि त्यांच्यावरचे कर्ज मात्र चालू राहते. साधन हातात असणे आणि ज्या साधनावाचून बाकीची साधने निरुपयोगी ठरतात ते हातात असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. इचलकरंजीत ते निर्णायक साधन म्हणजे सूत आणि बाजार. मंचावर ते म्हणजे ग्राहकांची यादी आणि कोणती ऑर्डर कोणाला द्यायची याचा निर्णय. आयडी ब्लॉक झाला, असे ही मुले म्हणतात, तेव्हा त्यांची दुचाकी त्यांच्याजवळच असते, पण त्या क्षणापासून तिची किंमत घरातल्या सायकलीइतकीच उरते.

आता परात्मतेकडे वळू. 1844 साली पॅरिसमध्ये, वयाच्या 26 व्या वर्षी, मार्क्सने काही टिपणे लिहिली, जी त्याच्या हयातीत छापली गेली नाहीत आणि 1932 साली प्रथम पूर्णपणे प्रसिद्ध झाली. त्यांत त्याने असे मांडले, की कामगार जे निर्माण करतो ते त्याच्यापासून तुटते आणि एक परकी शक्ती होऊन त्याच्यासमोर उभे राहते. त्यापाठोपाठ काम करण्याची क्रिया, मनुष्य म्हणून असलेली सर्जनशीलता आणि इतर माणसे यांच्यापासूनही तो दुरावतो. पुढे विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, या कल्पनेचे मापन होऊ लागले. मेल्विन सीमनने 1959 साली तिचे पाच अर्थ वेगळे केले, हतबलता, अर्थशून्यता, एकाकीपणा इत्यादी. आणि रॉबर्ट ब्लाउनरने 1964 साली निरनिराळ्या उद्योगांतील कामगारांवर ती लावून पाहिली. त्या अभ्यासांचे मोल कमी नाही, पण त्यांच्यामुळे एक अपसमज रूढ झाला, की परात्मता ही मनाची अवस्था आहे आणि ती माणसाला विचारूनच कळते.

त्या गल्लीतल्या मुलांना विचारले तर पुष्कळजण सांगतील, की डोक्यावर साहेब नाही, वाटेल तेव्हा लॉग-इन करता येते, गावाकडच्या ओळखीपाळखीवाचून नोकरी मिळाली, आणि यात आनंद आहे. ही भ्रांती आहे असे म्हणण्याचा अधिकार सिद्धान्ताला नाही; ज्याने जातीच्या किंवा मुकादमाच्या मेहेरबानीवर काम मिळवलेले आहे, त्याला यंत्राची अनोळखी नजर मोकळीक वाटणे अगदी स्वाभाविक आहे. मार्क्सची मूळ कल्पना भावनेविषयी नव्हती. ती एका संबंधाविषयी होती. म्हणून मुलगा सुखी आहे की दुःखी, एवढे विचारून भागत नाही. त्याच्या कामातून काय निर्माण झाले आणि ते आता कोठे आहे, हे विचारावे लागते.

त्याच्या कामातून दोन गोष्टी निर्माण होतात. एक म्हणजे ग्राहकाच्या दाराशी पोहोचलेले गरम जेवण. ते खाल्ले जाते आणि संपते. दुसरी गोष्ट संपत नाही. कोणत्या रस्त्याने तो गेला, कोणत्या चौकात किती थांबला, स्वयंपाकघरात किती वेळ वाट पाहिली, जिना चढायला किती लागला, या सर्वांचा माग क्षणोक्षणी नोंदला जातो, आणि असे हजारो माग एकत्र करून मंच पुढच्या ऑर्डरीला किती मिनिटे लागतील याचा अंदाज बांधतो. तो अंदाज ग्राहकाला वचन म्हणून दाखवला जातो आणि पोहोचवणाऱ्याला मुदत म्हणून. ‘पोरांनी वीस मिनिटांत नेऊन दिलं, म्हणून आता सगळ्यांना वीसच दाखवतंय’: लातूरच्या मुलाने वापरलेला ‘म्हणून’ हा शब्द येथे बसतो. एकाने पावसात जीव धोक्यात घालून, एकेरी रस्त्यात उलटे शिरून वाचवलेली पाच मिनिटे त्याची स्वतःची राहत नाहीत. ती बिनचेहऱ्याची होऊन सरासरीत मिसळतात आणि दुसऱ्या दिवशी हुकूम होऊन त्याच्याकडेच, आणि त्याच्या सोबत्यांकडे, परत येतात. 1844 च्या टिपणांतील परकी शक्ती येथे शब्दशः दिसते. त्या मुलाचा तर्क त्या विशिष्ट सायंकाळी बरोबर होता की नव्हता, हे मी सांगू शकत नाही. पण ते तपासून पाहण्याचा कोणताही मार्ग त्याच्याजवळही नव्हता, आणि स्वतःच्याच श्रमांचे फळ स्वतःला वाचता न येणे हाच तर परात्मतेचा अर्थ आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मंचावर ‘माहिती विकली जाते’, म्हणून माहिती ही क्रयवस्तू, असे पुष्कळदा लिहिले जाते. जाहिरातींवर चालणाऱ्या मंचांबद्दल त्यात तथ्य आहे, पण अन्न पोहोचवणाऱ्या मंचाच्या बाबतीत ते मला नेमके वाटत नाही. त्या मुलाचा माग कोणाला विकला जावा लागत नाही. तो मंचाजवळच राहतो, यंत्रासारखा वापरला जातो आणि वापरल्याने झिजत नाही, उलट वाढतो. तो क्रयवस्तू नव्हे, उत्पादनसाधन आहे, आणि ते कामगारांनीच घडवलेले आहे. म्हणून मी म्हणतो, की श्रमाच्या विक्रीला क्रयवस्तूकरण हा शब्द लावावा, आणि श्रमाच्या मागाला परात्मता हा.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, याचा पुरावा मुंबईत एकशे तीस वर्षांहून अधिक काळ चालत आलेला आहे. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था नेमके तेच काम करते: एका ठिकाणचे अन्न दुसऱ्या ठिकाणी वेळेवर नेणे. तेथेही घाई आहे, उन्हातान्हात पळणे आहे, लोकलच्या वेळेशी बांधलेली मुदत आहे. पण डबेवाला डब्यागणिक मजुरी घेत नाही; ग्राहक महिन्याचे पैसे देतो, आणि गटाची वसुली खर्च वजा जाता सभासदांत वाटली जाते. डब्यावरच्या रंगीत खुणा हाही एक मागच आहे, पण तो वाचता येणारा माग आहे. तो डबेवाल्यांनी स्वतः ठरवलेला आहे, आणि कोणत्या इमारतीला किती वेळ लागतो हे ज्ञान मुकादमाच्या आणि गड्यांच्या डोक्यात राहते. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मावळ, जुन्नर, खेड या भागांतल्या नात्यागोत्यातून ती उभी राहिली असल्याने परक्याला तिच्यात शिरणे कठीण, मिळकत बेताची, आणि कोविडच्या साथीत कार्यालये बंद पडल्यावर तिचा कणाच मोडला. परंतु एवढे तिने सिद्ध केले आहे, की अन्न वाहून नेण्याच्या कामात स्वभावतः परात्मता नाही. ती हिशेबाच्या आणि मागाच्या मालकीतून येते.

उपायांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांचेही दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातला, आणि माझ्या मते आपल्या राज्याच्या कायदेमंडळाने केलेल्या उत्तम कामांपैकी एक, म्हणजे 1969 चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांविषयीचा कायदा, ज्याच्यामागे अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेचा रेटा होता. बाजारातला हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उचली, दुपारी दुसऱ्याची; प्रत्येक व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नव्हे. कायद्याने तो वादच निकालात काढला. मालक आणि हमाल दोघांनीही मंडळाकडे नाव नोंदवायचे, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान यांची व्यवस्था करायची. तुकड्यातुकड्यांत विकलेले श्रम अशा रीतीने पुन्हा एका माणसाच्या नावावर गोळा झाले. 2023 साली राजस्थानने मंचावरील कामगारांसाठी जो कायदा केला, त्यातील नोंदणी, मंडळ आणि व्यवहारामागे शुल्क ही घडण माथाडी मंडळाच्याच कुळातली आहे. केंद्राच्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही मंचांवर वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के अंशदान ठेवले आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांची कमाल मर्यादा घालून. नीती आयोगाने 2020-21 या वर्षासाठी अशा कामगारांची संख्या 77 लाख अंदाजली होती, हे लक्षात घेता या तरतुदीचे महत्त्व उघड आहे.

पण हे सर्व उपाय पहिल्या दुखण्यावरचे आहेत. ते विक्रीची तीक्ष्णता कमी करतात, मागाला हात लावत नाहीत. दुसऱ्या दुखण्यावर प्रथम बोट ठेवले ते स्पेनने, 2021 साली. तेथील कायद्याने पोहोचवणाऱ्यांना कर्मचारी मानलेच, शिवाय कामाच्या अटींवर परिणाम करणारी गणनपद्धती कोणत्या निकषांवर आणि नियमांवर चालते, हे कामगारांच्या प्रतिनिधींना सांगण्याचे बंधन मालकांवर घातले. हे बंधन अपुरे आहे. निकष कळले म्हणजे ते बदलता येतात असे नव्हे. तरीही लातूरच्या मुलाच्या ‘म्हणून’ची शहानिशा करण्याचा दरवाजा त्याने किलकिला केला आहे. आपल्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्या मुलासाठी उलाढालीचा वाटा राखून ठेवलेला आहे. वीस मिनिटांचा तो आकडा कसा ठरला, हे विचारण्याचा हक्क त्याला देणारे एकही कलम तिच्यात नाही.